दाबून सोडलेली गाडी आणि वर्गसमीकरणाची दोन मुळं

गाडीचे शॉकअप गेलेत का, हे बघायची जुनी पद्धत बहुतेकांना ठाऊक असते. बॉनेटच्या एका कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर देऊन गाडी खाली दाबायची आणि हात एकदम काढून घ्यायचे. शॉकअप ठीक असतील तर गाडी वर येते, जरा जास्त वर जाते आणि बसते. ते गेले असतील तर ती डुलत राहते. तिसरा प्रकार सहसा बघायला मिळत नाही: शॉकअप गरजेपेक्षा फारच कडक असतील तर गाडी अजिबात डुलत नाही, पण जागेवर यायला रेंगाळते.

ही तिन्ही वागणी एकाच वर्गसमीकरणात दडलेली आहेत, दहावीत सोडवतो तसल्याच. त्याची दोन मुळं काढली की गाडी डुलणार की नाही, किती वेळात थांबणार, हे गाडीला हात न लावता सांगता येतं.

हिशेबासाठी गाडीचा एकच कोपरा घेऊ. त्या कोपऱ्यातल्या स्प्रिंगवर २५० किलो वस्तुमान आहे. स्प्रिंगचा ताठरपणा k १६,००० न्यूटन प्रति मीटर, म्हणजे ती १ सेंटीमीटर दाबायला १६० न्यूटन लागतात. आपण कोपरा ५ सेंटीमीटर खाली दाबतो. त्याला ८०० न्यूटन, म्हणजे साधारण ८० किलोंचा भार लागतो. अंग टाकून दाबलं तर जमतो. शॉकअपच्या आत तेल असतं, आणि पिस्टन सरकताना ते बारीक छिद्रांतून जावं लागतं. त्यामुळे होणारा विरोध वेगाच्या प्रमाणात आहे असं धरू. त्या प्रमाणाचा आकडा म्हणजे c. चांगल्या शॉकअपसाठी तो १,२०० न्यूटन-सेकंद प्रति मीटर घेऊ. म्हणजे पिस्टन सेकंदाला अर्धा मीटर वेगाने सरकत असेल तर विरोध ६०० न्यूटन.

आता x म्हणजे कोपरा आपल्या स्थिर जागेपासून किती खाली आहे ते अंतर. ‘स्थिर जागेपासून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. नुसत्या वजनानेच ही स्प्रिंग साधारण १५ सेंटीमीटर दबलेली असते आणि तिथे वजन आणि स्प्रिंगचा जोर एकमेकांना फेडून टाकतात. x तिथून मोजला की गुरुत्वाकर्षण समीकरणातून निघून जातं. स्प्रिंगच्या मोकळ्या लांबीपासून x मोजून वर mg विसरणं ही इथली पहिली नेहमीची चूक. उरलेले दोन जोर, स्प्रिंगचा आणि तेलाचा, मांडले की न्यूटनचा दुसरा नियम असा दिसतो:

```
m x'' + c x' + k x = 0
250 x'' + 1200 x' + 16000 x = 0
x'' + 4.8 x' + 64 x = 0
```

x' म्हणजे वेग आणि x'' म्हणजे त्वरण. आपल्याला असं x हवं आहे की ते, त्याचा वेग आणि त्याचं त्वरण ठरलेल्या प्रमाणात मिळवले तर बेरीज प्रत्येक क्षणी शून्य यावी. हे जमायचं तर तिघांचा आकार सारखाच हवा, नाहीतर एखाद्या क्षणी शून्य आलं तरी पुढच्या क्षणी बिघडेल. अवकलन केल्यावर आकार न बदलणारं फलन म्हणजे घातांकी फलन. म्हणून x = e^(rt) ठेवून बघायचं. प्रत्येक अवकलनाला एक r बाहेर येतो, e^(rt) सगळीकडे सामाईक असल्याने कटतो आणि उरतं:

```
r² + 4.8 r + 64 = 0
```

हे कॅरॅक्टरिस्टिक इक्वेशन. इंजिनिअरिंगच्या बऱ्याच पुस्तकांत यालाच ऑक्झिलरी इक्वेशन म्हणतात. गाडी, तेल, स्प्रिंग सगळं यात आलं.

सोडवण्याआधी दहावीतली एक गोष्ट आठवू, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या समीकरणाच्या मुळांची बेरीज उणे c/m असते आणि गुणाकार k/m. आपल्या गाडीत गुणाकार ६४. शॉकअप बदला, तेल बदला, c हवा तेवढा वाढवा. बेरीज बदलेल, पण गुणाकार ६४च राहील. तो फक्त स्प्रिंग आणि वस्तुमान ठरवतात.

चांगल्या शॉकअपच्या गाडीचा विवेचक ऋण येतो, म्हणून मुळं संमिश्र आहेत:

```
r = -2.4 ± √(5.76 - 64) = -2.4 ± 7.63 i
```

काल्पनिक संख्या बघून दचकायचं कारण नाही. e^(rt) मध्ये हे मूळ घातलं की वास्तव भागातून e^(-2.4t) येतो, तो काळाबरोबर विझत जातो. काल्पनिक भागातून cos 7.63t आणि sin 7.63t येतात, ते डुलणं. दोन्ही मुळं एकमेकांची जोडी असल्याने i शेवटी कटून जातो आणि उत्तर वास्तवच राहतं. थोडक्यात, वास्तव भाग सांगतो किती लवकर थांबेल आणि काल्पनिक भाग सांगतो किती भरभर डुलेल. हालचाल विझवणाऱ्या अशा विरोधाला डॅम्पिंग म्हणतात; ते कमी असल्याने गाडी डुलते, म्हणून हे अंडरडॅम्प्ड.

आता सुरुवातीची स्थिती घालू: ५ सेंटीमीटर खाली, वेग शून्य.

```
x = e^(-2.4t) (5 cos 7.63t + 1.57 sin 7.63t)
```

इथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘वेग शून्य आहे, मग साइनचा सहगुणक शून्य’ असं धरणं. डॅम्पिंग नसतं तर ते बरोबर होतं. इथे e^(-2.4t) चंही अवकलन होतं आणि त्यातून सुरुवातीलाच उणे १२ एवढा वेग येतो. तो फेडायला साइनचा सहगुणक १२ भागिले ७.६३, म्हणजे १.५७ लागतो. तो विसरला तर उत्तरातली गाडी हात सोडायच्या आधीच सेकंदाला १२ सेंटीमीटर वेगाने वर निघालेली असते.

हात सोडल्यावर ०.४१ सेकंदांनी गाडी दुसऱ्या टोकाला जाते, स्थिर जागेच्या १.८६ सेंटीमीटर वर. ०.८२ सेकंदाला पुन्हा खाली, पण फक्त ०.६९ सेंटीमीटर. त्यापुढचं टोक पाव सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे डोळ्यांना जवळपास थांबलेलीच. ‘वर येते, जरा जास्त जाते, बसते’ म्हणतात ते हेच.

शॉकअपचं तेल गळालं आणि c ४०० वर आला, तर मुळं होतात उणे ०.८ अधिक-उणे ७.९६i. काल्पनिक भाग फारसा हलला नाही, म्हणून डुलण्याचा ठेका जवळपास तोच राहतो. वास्तव भाग मात्र एक-तृतीयांश झाला. आता टोकं येतात ३.६५ सेंटीमीटर वर, २.६६ खाली, १.९४ वर, १.४१ खाली. जुना मेकॅनिक ‘किती वेळा डुलते’ हे मोजतो, ‘किती भरभर डुलते’ हे नाही, याचं कारण इथे दिसतं: बिघाड ठेक्यात नाही, विझण्यात दिसतो.

या मोजणीतून c उलटा काढताही येतो. मोबाइलवर व्हिडिओ घ्या, बाजूला पट्टी धरा आणि एकाच बाजूची लागोपाठ दोन टोकं वाचा. समजा ५ आणि २.६६ आली. त्यांच्या भागाकाराचा नैसर्गिक लॉग ०.६३ येतो. त्याला २π ने भागलं की ०.१ मिळतं. हे डॅम्पिंग रेशो, म्हणजे प्रत्यक्ष c हा क्रिटिकल c च्या किती पट आहे. (२π ने भागणं हे अंदाजाचं सूत्र आहे, रेशो ०.३ च्या आत असेल तर चालतं.) क्रिटिकल c म्हणजे काय, तिकडेच वळू.

c हळूहळू वाढवत नेला तर मुळं कशी सरकतात? संमिश्र असताना दोघांचं शून्यापासूनचं अंतर सारखंच असतं आणि गुणाकार ६४ राहायचा असल्याने ते अंतर ८ असावंच लागतं. म्हणजे मुळं ८ त्रिज्येच्या वर्तुळावरच फिरतात. c शून्य असताना ती वर्तुळाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला, अधिक-उणे ८i वर असतात: नुसतं डुलणं, विझणं नाही. c वाढला की दोघं डावीकडे सरकत उणे ८ वर एकमेकांना भेटतात. विवेचक तिथे शून्य होतो:

```
c = 2 √(k m) = 2 √(16000 × 250) = 4000
```

हे क्रिटिकल डॅम्पिंग. दोन्ही मुळं उणे ८. पण दोन वेगळी मुळं उरली नाहीत, मग उत्तरात दोन स्थिरांक कुठून आणायचे? सुरुवातीच्या अटी तर दोन आहेत, जागा आणि वेग. पुस्तक सांगतं, दुसरं उत्तर t e^(-8t) घ्या. हा t आकाशातून पडत नाही. c ४,००० ऐवजी ४,०१० करून बघा. मुळं येतात उणे ७.४५ आणि उणे ८.५९, आणि आपल्या अटींसाठी त्यांचे सहगुणक साधारण ३७.९ आणि उणे ३२.९. गाडी ५ सेंटीमीटर दाबली आणि सहगुणक एवढे मोठे का? कारण दोन जवळजवळ सारखी फलनं एकमेकांतून वजा होतायत आणि जे उरतंय तेवढंच कामाचं आहे. दोन जवळच्या मुळांच्या e^(rt) मधला फरक भागिले मुळांमधला फरक, हे r च्या संदर्भातलं अवकलनच झालं. e^(rt) चं r ने अवकलन केलं की t e^(rt). मुळं एकत्र आली की ते तसंच उरतं.

```
x = (5 + 40t) e^(-8t)
```

पाव सेकंदाला गाडी २.०३ सेंटीमीटर खाली, अर्ध्या सेकंदाला ०.४६, एका सेकंदाला ०.०१५. स्थिर जागा ओलांडतच नाही. ‘क्रिटिकली डॅम्प्ड वस्तू स्थिर जागा कधीच ओलांडत नाही’ असं लिहिलेलं दिसतं, ते मात्र अर्धवट आहे. हात नुसता सोडला तर ओलांडत नाही. पण सोडताना वरच्या दिशेला सेकंदाला ४० सेंटीमीटरपेक्षा जास्त वेगाने ढकलली, तर कंसातला t चा सहगुणक ऋण होतो आणि गाडी एकदा ओलांडते. एकदाच, दुसऱ्यांदा नाही.

आता c ५,००० करू. विवेचक धन आणि समीकरण तोंडी सुटतं:

```
r² + 20 r + 64 = 0
r = -4,  r = -16
x = 6.67 e^(-4t) - 1.67 e^(-16t)
```

हे ओव्हरडॅम्प्ड, आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते. तेल जास्त घट्ट केलं म्हणजे गाडी जास्त लवकर थांबेल असं मनात असतं. पण मुळांचा गुणाकार ६४च राहायला हवा. उणे ८ वर भेटलेल्या दोघांपैकी एक लांब, उणे १६ कडे गेलं की दुसऱ्याला शून्याकडे, उणे ४ वर यावंच लागतं. आणि शेवटी राज्य चालतं ते हळू मुळाचं, कारण भरभर विझणारा भाग लगेच संपतो आणि रेंगाळणारा उरतो. अर्ध्या सेकंदाला गाडी ०.९० सेंटीमीटर खाली, क्रिटिकलच्या दुप्पट. एका सेकंदाला ०.१२, म्हणजे क्रिटिकलच्या आठपट. डॅम्पिंग वाढवलं फक्त सव्वापट.

c १०,००० केला तर मुळं उणे ३८.३ आणि उणे १.६७. आता दोन्ही मुळांचा अर्थ सरळ वाचता येतो. मोठं मूळ उणे c/m च्या, म्हणजे उणे ४० च्या जवळ आहे. त्यात k जवळपास नाहीच; तेल सुरुवातीचा वेग झटक्यात मारून टाकतं, तो हा भाग. लहान मूळ उणे k/c च्या, म्हणजे उणे १.६ च्या जवळ आहे, आणि त्यात m नाही. स्प्रिंग तेलाला रेटत गाडी हळूहळू वर सरकवते. गाडी किती जड आहे याला तिथे किंमत उरत नाही. एका सेकंदानंतरही कोपरा जवळजवळ १ सेंटीमीटर खालीच असतो.

मग गाडीत c ४,००० का ठेवत नाहीत? एक कारण रस्ता. हिशेबात आपण गाडी दाबून सोडली. रस्त्यावर खड्डा चाकाला ढकलतो आणि तेलाचा विरोध थेट बॉडीपर्यंत पोचतो. सेकंदाला अर्धा मीटर वेगाला १,२०० चा शॉकअप ६०० न्यूटनचा दणका देतो, ४,००० चा २,००० न्यूटनचा. म्हणून प्रवासी गाड्यांत डॅम्पिंग रेशो साधारण ०.२ ते ०.४ च्या दरम्यान ठेवतात आणि थोडं डुलणं सोसतात. आपली गाडी ०.३ वर आहे. ओव्हरडॅम्प्ड गाडीत आणखी एक त्रास होतो: लागोपाठ खड्डे आले की एका दणक्यातून वर यायच्या आत दुसरा बसतो आणि गाडी हळूहळू खालीच दबून राहते.

दुसरं कारण गणितातलंच आहे. ‘लवकर थांबली’ म्हणजे काय हे आधी ठरवावं लागतं. कायमची ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे पाव सेंटीमीटरच्या आत आली की थांबली असं धरलं, तर क्रिटिकलला ०.५९ सेकंद लागतात. c २,८०० (रेशो ०.७) घेतला तर फक्त ०.३६. ती स्थिर जागा ओलांडते खरी, पण जेमतेम ०.२३ सेंटीमीटरने, म्हणजे ठरवलेल्या पट्ट्याच्या आतच. क्रिटिकल ‘सर्वांत वेगवान’ हे स्थिर जागा न ओलांडणाऱ्यांपुरतंच खरं आहे. सुईच्या मीटरमध्ये सुई किंचित पुढे जाऊन परत येऊ देतात ती याच हिशेबाने. आपटून चालणार नाही अशा दाराला मात्र किंचितही ओलांडणं परवडत नाही.

आकडे घालताना गडबड होते ती बहुतेक वेळा एककांची. स्प्रिंगचा आकडा कॅटलॉगमध्ये न्यूटन प्रति मिलिमीटर असतो. १६ तसाच घातला तर, डॅम्पिंग शून्य धरूनही, गाडी एका डुलण्याला २५ सेकंद घेईल असं उत्तर येतं. प्रवासी गाडी सेकंदाला साधारण एक-दीड वेळा डुलते, त्यामुळे ही चूक लगेच पकडता येते. दुसरी चूक म्हणजे कोपऱ्याच्या वस्तुमानाऐवजी अख्ख्या गाडीचं वस्तुमान घेणं. आणि एखाद्या मुळाचा वास्तव भाग धन आला, तर कुठेतरी चिन्ह चुकलंय हे नक्की. m, c, k तिन्ही धन असताना मुळांची बेरीज ऋण आणि गुणाकार धन असतो, त्यामुळे धन वास्तव भागाला जागाच नाही. तसं मूळ म्हणत असतं की हात सोडल्यावर गाडी आपणहून जास्त जास्त उसळत जाईल.

हे समीकरण कुठे थकतं तेही बघायला हवं. खऱ्या शॉकअपमध्ये दबताना आणि उघडताना तेल वेगवेगळ्या व्हॉल्व्हमधून जातं आणि उघडतानाचा विरोध सहसा जास्त ठेवलेला असतो, म्हणजे c एकच आकडा नसतो. तेल तापलं की पातळ होतं आणि c उतरतो. टायर ही स्वतः एक स्प्रिंग आहे आणि चाकालाही वस्तुमान आहे. ते धरलं तर वर्गसमीकरणाऐवजी चौथ्या घाताचं समीकरण येतं. शिवाय सील आणि बुशांमध्ये कोरडं घर्षण असतं, ते वेगाच्या प्रमाणात नसतं. ते ओळखायची खूण सोपी आहे. तेलाच्या डॅम्पिंगमध्ये प्रत्येक टोक आधीच्या टोकाच्या ठरावीक पटीत उतरतं: ५, २.६६, १.४१. कोरडं घर्षण वरचढ असेल तर टोकं ठरावीक अंतराने उतरतात: ५, ३.५, २, आणि मग गाडी स्थिर जागेच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी अडकून थांबते. व्हिडिओत अशी टोकं दिसली तर लॉग घेऊन c काढायच्या भानगडीत पडू नका, बुश बघा.